सोलणीचे प्रशिक्षण लागू पडले की नाही, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. सोलणीला 24 बायका आहेत. ऑक्टोबरात त्यांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले, मजुरीसकट 48,000 रुपये खर्च झाला. शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतले, सगळ्यांनी ‘उत्तम’ लिहिले. अख्ख्या गराचे प्रमाण नोव्हेंबरात 68 टक्क्यांवरून 74 वर गेले, पण आता जानेवारीत ते पुन्हा 69 वर आले आहे. पैसे वाया गेले असे समजायचे का? नवीन हंगामाआधी पुन्हा प्रशिक्षण घ्यावे की नाही, हे कसे ठरवायचे?

उत्तर: नोव्हेंबरच्या 74 वरून प्रशिक्षण यशस्वी झाले असे म्हणता येत नाही आणि आताच्या 69 वरून ते फुकट गेले असेही म्हणता येत नाही. हे दोन्ही आकडे कारखान्याच्या शेवटच्या टोकाला मोजलेले आहेत, आणि तिथवर पोहोचेपर्यंत गर वाफ, कटिंग, बोर्मा म्हणजे गर वाळवण्याची भट्टी, आणि सोलणी अशा चार ठिकाणांहून गेलेला असतो. प्रशिक्षण त्यांपैकी एकाच ठिकाणी झाले. बाकीच्या तीन ठिकाणी या चार महिन्यांत काय बदलले, हे कळल्याशिवाय तुमचा आकडा काहीच सांगत नाही.

प्रशिक्षणाकडे चार पातळ्यांवर पाहण्याची रीत डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकांची. विस्कॉन्सिन विद्यापीठातील त्यांच्या 1954 च्या प्रबंधात तिचे मूळ आहे आणि 1959-60 मध्ये चार लेखांतून ती लोकांपुढे आली. शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामाच्या जागी त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून धंद्याला काय मिळाले, असे हे चार प्रश्न आहेत. अडचण पुढे झाली. अनेकांनी या चार पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मानल्या, म्हणजे खालची पायरी भक्कम असली की वरची आपोआप भक्कम होणार, असा समज रूढ झाला. जॉर्ज अ‍ॅलिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रशिक्षण आवडणे आणि त्यातून शिकणे यांचा संबंध अगदीच क्षीण निघाला. ‘हे माझ्या कामाला उपयोगी पडेल’ असे वाटणे आणि ते पुढे कामात उतरणे यांचा संबंध त्या मानाने थोडा बरा होता. म्हणून तुमच्या 24 ‘उत्तम’ शेऱ्यांवरून निवाडा करता येणार नाही.

ते शेरे कसे मिळाले असतील, याचा मला चांगला अंदाज आहे, कारण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कारखान्यांत असे शेकडो फॉर्म मी स्वतः भरून घेतले आहेत. शिकवणाऱ्या बाई समोर बसलेल्या, मालक दाराशी उभे, चहा-बिस्किटे नुकतीच झालेली. अशा वेळी बाहेरून आलेल्या माणसाला नावे ठेवणे आपल्याकडे कुणालाही जड जाते. दोष बायकांचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘प्रशिक्षण कसे वाटले’ असे न विचारता, ‘उद्या सकाळी ताटापुढे बसल्यावर नेमके काय वेगळे कराल आणि ते करताना काय आड येईल’ असे तोंडी आणि दोघीतिघींच्या गटात विचारावे. दहाएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क बाई म्हणाल्या, “असां केलां तर माजे किलो कशे भरतले?” त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेले. पुढच्या दोन महिन्यांत जे घडले, ते सगळे त्या एका वाक्यात होते, आणि त्याकडे मी परत येणार आहे.

दुसरी पातळी शिकण्याची. सोलणी हे हाताचे कौशल्य असल्यामुळे ते कागदावरच्या प्रश्नांनी तपासता येत नाही. हातात गर देऊनच तपासावे लागते. बोर्म्यातून निघून निवलेला, एकाच लॉटमधला गर घ्यावा. त्यातील आधीच फुटलेले दाणे काढून टाकून प्रत्येकीला अर्धा किलो अख्खा, न सोललेला गर वजन करून द्यावा. काम झाल्यावर अख्खे दाणे, पाकळ्या आणि तुकडे वेगळे तोलावेत, अख्ख्यांपैकी चाकूचे ओरखडे असलेले दाणे निराळे काढावेत आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. ही परीक्षा प्रशिक्षणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा व्हायला हवी, कारण आधीचा आकडा नसेल तर जिचा हात मुळातच चांगला आहे ती ‘शिकली’ असे आपण समजून बसतो. तुमच्याकडे आधीचा आकडा नाही, असे मी धरून चालतो. तरीही आता ही परीक्षा घेणे अतिशय उपयोगाचे आहे, मात्र ती एका निराळ्या कारणासाठी.

जानेवारीत, म्हणजे प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी, घाई नसताना आणि त्या दिवसाची मजुरी आधीच कबूल केलेली असताना बायकांनी शिकवल्याप्रमाणे व्यवस्थित सोलून दाखवले, तर कौशल्य हातात आहे आणि रोजच्या कामात ते वापरले जात नाही, एवढे सिद्ध होते. तसे सोलता आले नाही, तर कौशल्य उतरलेच नाही किंवा विसरले गेले. ‘येत नाही’ आणि ‘येते पण करत नाही’ या दोन गोष्टींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत; पहिलीवर प्रशिक्षण हा उपाय आहे, दुसरीवर तो नाही. माझ्या अनुभवात दुसऱ्यांदा घेतलेल्या प्रशिक्षणांपैकी बरीचशी ही तपासणी न केल्यामुळेच घेतली गेली होती.

तिसरी पातळी म्हणजे कामाच्या जागचे वागणे, आणि तुमच्या प्रश्नाचा निकाल बहुधा इथेच लागेल. वागणे पाहायचे म्हणजे आधी ते दिसेल अशा शब्दांत लिहावे लागते. ‘काळजीपूर्वक सोलणे’ हे दिसत नाही. सोलणीच्या बाबतीत मी तीनच गोष्टी लिहितो. पहिली, बोर्म्यातून काढलेला ट्रे लगेच सोलायला न घेता निवू देणे आणि त्याला हवेतला थोडा ओलावा घेऊ देणे, कारण फार कोरडा गर ठिसूळ असतो आणि बोटाच्या दाबानेही दुभंगतो. दुसरी, साल आधी बोटांनी चोळून काढणे आणि चाकू फक्त चिकटून राहिलेल्या भागापुरता वापरणे. तिसरी, ज्या गराची साल सुटतच नाही तो खरवडत न बसता वेगळ्या भांड्यात टाकणे आणि ते भांडे पुन्हा बोर्म्याकडे पाठवणे.

आता हे पाहायचे कोणी? मुकादम जवळ उभा राहिला की सगळ्याच जणी नीट सोलतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी फसवी ठरते. वागण्याचे जे पुरावे मागे राहतात, ते पाहावेत. संध्याकाळी किती जणींच्या अडलेल्या गराच्या भांड्यात खरोखर काही आहे? त्या दिवसाच्या अख्ख्या गरातून न निवडता काढलेल्या 100 दाण्यांपैकी किती दाण्यांवर चाकूचे ओरखडे आहेत? हे दोन आकडे दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात घेतले, तर नवी रीत कधी धरली आणि कधी सुटली हे कळते. दुसऱ्या आठवड्यातच भांडी रिकामी असतील, तर ती रीत कधी धरलीच गेली नव्हती. सहाव्यापर्यंत भरलेली आणि बाराव्यात रिकामी असतील, तर मध्ये काहीतरी घडले आहे आणि ते शोधले पाहिजे.

वर उल्लेखलेल्या कारखान्यात भांडी चौथ्या आठवड्यात रिकामी झाली. प्रशिक्षणानंतरचे पहिले काही दिवस मालक स्वतः सोलणीत फिरत होते, तोवर सगळे ठीक चालले. नंतर ते थांबले आणि बायका पूर्वीच्या रीतीवर आल्या. कारण साधे होते. तिथे मजुरी सोललेल्या किलोवर मिळत होती आणि अख्खा दाणा असो की पाकळी, दर एकच होता. अडलेला गर बाजूला ठेवला की तो त्या दिवशीच्या वजनात धरला जात नसे. जी बाई पूर्वी दिवसाला 9 किलो भरत होती, ती शिकवलेल्या रीतीने साडेसात भरू लागली, म्हणजे तिची सहावा हिस्सा मजुरी गेली. चांगले काम केल्याबद्दल रोज दंड भरावा लागत असेल, तर तो महिनाभरापेक्षा जास्त कोण भरील? त्या बायका नीट शिकल्या होत्या. हाताच्या परीक्षेत त्यांनी ते दाखवूनही दिले होते. किलोचे गणित त्यांनी मला पहिल्या बैठकीतच सांगितले होते, ते ऐकण्यात मी कमी पडलो. तुमच्याकडे मजुरी कशी देता हे तुम्ही लिहिलेले नाही, पण ती किलोवर असेल तर सर्वांत आधी हेच तपासा.

दुसरे एक कारण त्याच कारखान्यात होते आणि ते शोधायला मला जास्त वेळ लागला. प्रशिक्षण फक्त सोलणाऱ्या बायकांचे झाले होते. बोर्मा पाहणाऱ्या माणसाला आणि मुकादमाला कुणी बोलावले नव्हते. ट्रे निवू द्यायचा तर तेवढे ट्रे ठेवायला जागा लागते आणि बोर्म्याच्या वेळा पुढे-मागे कराव्या लागतात. ते झाले नाही. त्यामुळे बायकांनी थांबायचे ठरवले तरी समोर गरम ट्रे येत राहिले आणि मुकादम ‘बसून काय राहिलात’ म्हणत राहिला. वागणे बदलले नाही असे नोंदवताना ते बदलायला जागा होती का, हेही नोंदवले पाहिजे, नाहीतर दोष भलत्याच्याच माथी बसतो.

चौथी पातळी धंद्याच्या फायद्याची, आणि तुमच्याच आकड्यांवर ती मांडून पाहू. 24 बायका रोज सरासरी साडेआठ किलो सोलत असतील, तर दिवसाला साधारण 200 किलो गर होतो. 68 वरून 74 म्हणजे त्यातला 12 किलो गर फुटण्याऐवजी अख्खा राहिला. अख्खा गर आणि फुटका गर यांच्या भावात समजा किलोमागे सरासरी 150 रुपयांचा फरक आहे; पाकळीचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा, तेव्हा इथे तुमच्या विक्रीच्या वहीतला आकडा घाला. मग दिवसाला 1,800 रुपये आणि 26 दिवसांच्या महिन्यात 46,800 रुपये होतात. म्हणजे नोव्हेंबरमधील वाढ खरोखर प्रशिक्षणामुळे झाली असेल, तर तुमचा खर्च त्या एका महिन्यातच जवळजवळ भरून निघाला आहे आणि ‘वाया गेले का’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. अर्थात अडलेला गर परत बोर्म्यात घातल्याचे जळण आणि कमी झालेली किलोंची गती यांचा खर्च यातून वजा करायला हवा.

पण त्या वाक्यातला ‘असेल तर’ फार मोठा आहे. ऑक्टोबरात तुम्ही कदाचित पावसाळ्याआधी साठवलेली स्थानिक बी चालवत होता. जानेवारीत ती संपून आयात केलेली आफ्रिकन बी आली असेल, तर दाण्याचा आकार, ओलावा आणि टरफलाची जाडी सगळेच बदलले. वाफ कमी बसली की टरफल कठीण राहते आणि कटिंगच्या पात्याखाली गर तुटतो. कटिंगला नवीन माणूस आला तरी तेच होते. या सगळ्याचा हिशेब सोलणीच्या नावावर जमा होऊ नये म्हणून तूट दोन ठिकाणी मोजावी लागते. सोलणीत आत जाणाऱ्या 100 किलो गरातला किती अख्खा आहे, आणि बाहेर पडताना किती उरला. रोजच्या प्रत्येक लॉटमधून दोन-तीन किलोचा नमुना आत जाताना निवडून तोलला, तरी काम भागते.

याने चित्र कसे पालटू शकते ते पाहा. पुढचे ‘आत’चे आकडे मी कल्पनेने घेतले आहेत, बाहेरचे तुमचे आहेत. समजा प्रशिक्षणाआधी 100 पैकी 84 अख्खे आत जात होते आणि 68 बाहेर येत होते. म्हणजे सोलणीत 16 फुटले. नोव्हेंबरात 86 आत, 74 बाहेर, 12 फुटले. आता जानेवारीत 80 आत, 69 बाहेर, 11 फुटले. बाहेरचा आकडा जवळजवळ जुन्या जागी आला आहे, पण सोलणीतली तूट मात्र खालीच राहिली आहे; आत आलेल्या अख्ख्यांपैकी पूर्वी सुमारे 19 टक्के फुटत होते, आता 14 टक्के फुटतात. असे निघाले तर तुमचे प्रशिक्षण टिकून आहे, बिघाड वाफेत किंवा कटिंगमध्ये आहे, आणि सोलणीच्या बायकांना पुन्हा तीन दिवस बसवून काहीही साधणार नाही. उलट जानेवारीत 84 आत आणि 69 बाहेर असे निघाले, तर सोलणी पूर्वीच्या वळणावर गेली हे खरे आहे आणि मग हाताची परीक्षा आणि भांड्यांची पाहणी करून कारण शोधायचे.

आणखी एक सापळा आहे, त्यात अनुभवी माणसेही अडकतात. प्रशिक्षण बहुतेक वेळा एखादा महिना फार वाईट गेल्यावर ठरते. वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता बरा जाण्याची शक्यता जास्तच असते, कारण असे टोकाचे महिने सलग क्वचितच येतात. म्हणून 68 हा आकडा एकट्या सप्टेंबरचा आहे की मागच्या सहा महिन्यांची सरासरी आहे, हे वही काढून पाहा. आठवड्या-आठवड्याचे आकडे मुळातच 66 आणि 73 यांच्या दरम्यान हेलकावे खात असतील, तर 74 ही फार मोठी उडी नाही आणि 69 ही फार मोठी घसरणही नाही.

पुढच्या वेळी प्रशिक्षण घेण्याची वेळ आली, तर सगळ्यांना एकदम बसवू नका. चिठ्ठ्या टाकून 12-12 च्या दोन तुकड्या करा आणि दुसरीचे प्रशिक्षण सहा आठवड्यांनी ठेवा. त्या सहा आठवड्यांत दोन्ही तुकड्या तीच बी, तीच वाफ आणि तोच बोर्मा वापरत असतात, त्यामुळे दोघींच्या तुटीतला फरक हा बऱ्यापैकी प्रशिक्षणाचाच असतो. चिठ्ठ्यांवर माझा आग्रह यासाठी आहे की मुकादमावर सोपवले तर तो पहिल्या तुकडीत हमखास चांगल्या हाताच्या बायका बसवतो. या पद्धतीचीही एक मर्यादा आहे. शेजारी बसलेली बाई पाहून शिकते, त्यामुळे दुसरी तुकडीही थोडी सुधारते आणि मोजलेला फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. दोन्ही तुकड्यांना वेगवेगळ्या बाजूंना बसवून तो प्रकार थोडा आवरता येतो, पूर्ण नाही. जॅक फिलिप्स यांनी या चार पातळ्यांवर गुंतवणुकीच्या परताव्याची पाचवी पातळी जोडली आणि मोठ्या कंपन्या तिचे हिशेब तपशिलात करतात; 48,000 रुपयांच्या प्रशिक्षणासाठी तेवढा खटाटोप करू नये, मोजणीचाच खर्च त्याहून वर जाईल.

आता या पंधरवड्यात काय करायचे ते सांगतो. पहिले चार-पाच दिवस आत आणि बाहेर असे दोन्हीकडचे वजन घ्या. तूट सोलणीतच आहे असे निघाले, तरच हाताची परीक्षा घ्या. 24 जणींची एका दिवसात सहज होते. ज्यांचा हात चुकतो त्यांची नावे बहुधा पाच-सहाच निघतील, आणि पुन्हा प्रशिक्षण द्यायचेच तर तेवढ्यांनाच, त्यांच्याच ताटापुढे, चांगल्या हाताच्या एखाद्या बाईला शेजारी बसवून द्या. बाकीच्यांना येत असूनही भांडी रिकामी राहत असतील, तर मजुरीची रीत, ट्रेची जागा आणि मुकादमाचे बोलणे या तीन गोष्टींकडे वळा.

माझ्या त्या कारखान्यात दुसरे प्रशिक्षण झालेच नाही. मालकांनी अडलेला गरही संध्याकाळी त्याच दराने तोलून घ्यायला सुरुवात केली आणि अख्ख्या गराला किलोमागे थोडा वरचा दर लावला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत भांडी पुन्हा भरू लागली, आणि मग परत येणाऱ्या गराचे ट्रे लावायला जागा पुरत नाही, अशी तक्रार घेऊन बोर्म्यावरचा माणूस मालकांकडे आला.